‘हेड ऑफ लाइन ब्लॉकिंग’ला काय म्हणावं?

मनवा: इंटरनेटवर माहितीची पाकिटं पोचवणाऱ्या क्विक आणि टीसीपी या दोन नियमावल्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘हेड ऑफ लाइन ब्लॉकिंग’पाशी अडले. मी ‘रांग तुंबणे’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘अग्ररोध’ केलं. कानाला टोचतंय.

शब्दवेडा: अग्ररोधच योग्य. परिभाषा तत्सम असली की नेमकी राहते.

तारयंत्री: दोन्ही नकोत. तुंबते ती मोरी, तिथे पाणी पुढे सरकतच नाही. इथे तसं होत नाही. समजा, गाडीत बसून फोनवर पान उघडलंय आणि एकाच टीसीपी जोडणीवरून तीन चित्रं येताहेत. सातवं पाकीट वाटेत हरवलं, त्यात पहिल्या चित्राचा तुकडा होता. आठ ते वीस फोनपर्यंत पोचली, त्यांत बाकीची दोन चित्रं अख्खी आहेत. पण कुठलं पाकीट कोणत्या चित्राचं हे टीसीपीला माहीतच नसतं, त्याच्या लेखी सगळी एकच माळ. सातवं पुन्हा येईपर्यंत ब्राउझरच्या हाती पुढचं काही पडत नाही. जाऊन येऊन फेरी 200 मिलिसेकंदांची असेल, तर निदान तेवढा वेळ तिन्ही चित्रं थांबणार. माल दारात आलाय आणि नुसता वाट बघतोय, हा ‘खोळंबा’.

गोदाकाठ: आमच्याकडे पंगतीत असंच. एका पानात वरण यायचं राहिलं की सगळे हात आवरून बसतात. क्विकमध्ये प्रत्येक चित्राची पंगत वेगळी, असंच ना?

तारयंत्री: हो, पण वाढपी तेच. पाकीट हरवलं की क्विकही पाठवण्याचा वेग उतरवतो आणि तो अख्ख्या जोडणीचा उतरतो.

नवखा: क्विक यूडीपी या साध्या, पोच न मागणाऱ्या पद्धतीवर चालतो. हरवलेलं परत पाठवतच नाही, मग खोळंबा कशाला होईल?

तारयंत्री: पहिलं वाक्य बरोबर. पण परत पाठवणं क्विक स्वतः करतो, नव्या क्रमांकाच्या पाकिटातून. पहिलं चित्र तिथेही थांबतंच, फक्त बाकीची दोन थांबत नाहीत.

घाटवाट: मला तर घाटात पान उघडायलाच वेळ लागतो. चित्रं फार पुढची गोष्ट.

तारयंत्री: तो हँडशेकचा, म्हणजे जोडणी जुळवण्याचा खर्च. टीसीपीची एक फेरी, माहिती कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस 1.3 ची एक, म्हणजे 400 मिलिसेकंद गेल्यावर पहिली मागणी निघते. क्विक दोन्ही एकाच फेरीत उरकतो. ओळखीचा सर्व्हर असेल तर मागणी पहिल्याच पाकिटासोबत जाऊ शकते. मात्र ते पाकीट मधल्यामध्ये टिपून कुणी पुन्हा पाठवू शकतो, म्हणून पैशाचे व्यवहार त्यात घालू नयेत.

मनवा: हँडशेकला ‘हस्तांदोलन’ ठेवलंय.

गोदाकाठ: ‘बोलणी’ म्हणा. लग्नाआधी देणंघेणं ठरतं तशा इथे किल्ल्या ठरतात.

शब्दवेडा: बोलणी फिसकटतातही! हस्तांदोलन रुळलेला शब्द आहे. आणि क्विकला ‘शीघ्र’ का नको?

तारयंत्री: कारण ते विशेषनाम आहे. 2021 च्या आरएफसी 9000 या क्विकच्या प्रमाण दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हे नाव आहे, आद्याक्षरं नव्हेत. नावाचं भाषांतर करू नये.

शब्दवेडा: बरं. पण ‘खोळंबा’ हा ‘खोळ’वरून आला असावा. गुंडाळून ठेवणं, म्हणून अडकणं.

गोदाकाठ: खोळ उशीची. तिचा थांबण्याशी काय संबंध?

मनवा: मजकूर उद्या द्यायचाय. खोळंबा की अग्ररोध, एकदा सांगा ना.

शब्दवेडा: आधी खोळीचं बघू.