मदत हवी आहे: सर्व्हर फास्ट आहे, तरी बिल सेव्ह व्हायला ४-५ सेकंद

यार्ड_सांगली: हळदीच्या सौद्याचं बिलिंग आहे. मोठी फाईल कॉपी केली तर ३०० एमबीचा स्पीड येतो, पण बिल सेव्ह करताना अडकतं. डीलर म्हणतो जास्त आयओपीएसची एसएसडी घ्या. कोणती घेऊ? लवकर सांगा, सौदे चालू आहेत.

कोयनाकाठ: डिस्क कोणत्या, रेड कोणतं, डेटाबेस कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

यार्ड_सांगली: ७२०० आरपीएमच्या ४ हार्डडिस्क, रेड ५. पोस्टग्रेस. ८ ऑपरेटर.

सातारी_बिट: डीलर बरोबर सांगतोय. आयओपीएस गुणिले ब्लॉक साइज म्हणजे थ्रूपुट. ज्या एसएसडीवर १ लाख लिहिलंय ती घ्या, विषय संपला.

कोयनाकाठ: गुणाकार बरोबर, पण तो १ लाखाचा आकडा एकदम ३२ किंवा जास्त मागण्या रांगेत ठेवून काढलेला असतो. कमिट तसं चालत नाही. लॉग डिस्कवर पक्का लिहिला गेला, असं उत्तर येईपर्यंत ते थांबतं. म्हणून इथे लेटन्सी बघायची. यार्डवाले, हे चालवा:

```
pg_test_fsync -f /data/fsync.tmp
```

`fdatasync` ची ओळ इथे टाका. डेटाबेस असलेल्याच डिस्कवर चालवा.

फेटा_फिल्म्स: आमच्याकडे लग्नाचं ४के एडिटिंग नॅसवरून अटकतं. मीपण एसएसडी टाकू का?

कोयनाकाठ: तुमचा प्रश्न वेगळा आहे, दादा. प्रोरेस ४२२ एचक्यू, ४के, २५ फ्रेमला सेकंदाला साधारण ९२ एमबी लागतात. गिगाबिट केबलमधून जेमतेम ११०-११५ येतात, म्हणजे दुसरा ट्रॅक लावला की संपलं. तिथे थ्रूपुट लागतो. हार्डडिस्क राहू द्या, नेटवर्क १० गिगाबिट करा.

सातारी_बिट: प्रॉक्सी बनवा, फुकटात काम होईल.

यार्ड_सांगली: `fdatasync` ३८ ऑप्स, २६००० मायक्रोसेकंद आलं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पण याच डिस्कवर होतं, त्याने फरक पडतो का?

कोयनाकाठ: पडतो, हे आधी सांगायला हवं होतं! कॅमेऱ्यांसाठी डिस्कचं हेड सतत दुसरीकडे पळतंय. वर रेड ५ मध्ये छोटं लिखाण म्हणजे जुना डेटा आणि पॅरिटी वाचा, मग दोन्ही परत लिहा. एका बिलात किती ओळी? प्रत्येक ओळीला वेगळं कमिट होतं का?

यार्ड_सांगली: ४० ओळी. हो, प्रोग्रामरला विचारलं, ओळीगणिक कमिट आहे.

कोयनाकाठ: मग ४० गुणिले २६ मिलिसेकंद, एकट्याचंच बिल सेकंदभर. त्यात ८ जणांची गर्दी आणि टेबलाचं वाचन-लिखाण. अख्ख्या बिलाला एकच कमिट करून घ्या, ते सगळ्यात स्वस्त. नंतर डेटाबेससाठी २ एसएसडी रेड १ मध्ये, वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेल्या. साध्या एसएसडीला ती सोय नसते, `fsync` ला तिचाही वेग पडतो. कॅमेरे आहेत तिथेच राहू द्या.

सातारी_बिट: `synchronous_commit = off` करा की, एक पैसा लागणार नाही.

कोयनाकाठ: वीज गेली तर डेटाबेस बिघडणार नाही, पण शेवटची काही बिलं गायब होतील. सौद्याच्या हिशोबाला मी ते लावणार नाही.

सातारी_बिट: यूपीएस आहे ना?

यार्ड_सांगली: यूपीएस आहे, पण बॅटरी जुनी आहे. प्रोग्रामर म्हणतो कमिट बदलायला आठवडा लागेल.