मदत हवी आहे : भडंगाचं पार्सल दोन किलोचं, पैसे सहा किलोचे!

नमस्कार. निपाणीत आमचं फरसाणाचं छोटं दुकान आहे. ह्यांना कावीळ झाल्यापासून पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी मीच बघते. आजवर मी फक्त भडंग परतत होते, खोक्याला टेप कधी लावली नव्हती.

परवा पुण्याच्या ताईंनी पाव किलोची आठ पाकिटं मागवली. मी दोन किलोचं भाडं सांगितलं, त्यांनी लगेच पैसे पाठवले. कुरिअरवाल्याने मात्र खोक्याला टेप लावली (मोजायची!) आणि सहा किलो लिहिलं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात म्हणे. माझं खोकं ४०×३०×२५, म्हणजे ३०,००० भागिले ५०००, बरोबर सहा. अर्धं खोकं तर मी रद्दीनेच भरलं होतं. फरक आमच्याच खिशातून गेला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या ऑर्डरला ३०×२५×२० चं खोकं घेतलं, हिशेब तीन किलोवर आला. पण पाकिटं मावेनात, म्हणून हवा काढून दाबून बसवली. तिकडून फोटो आला, "वहिनी, भडंग मागवलं होतं, चुरा नाही."

हलका माल पाठवणाऱ्यांनी सांगा, पाकिटात हवा किती ठेवता? उभी रचता की आडवी? आणि गिऱ्हाइकाला तीन किलोचं भाडं कसं सांगता? "माल दोनच किलो ना?" यावर मला उत्तर सुचत नाही.