अनुभव धागा : पहिल्या नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्रात तुम्ही काय लिहिलं होतंत?

विश्रामबागकर
काल दसऱ्याची आवराआवर करताना माळ्यावरच्या फाइलीत माझं जानेवारी 2019 चं पत्र सापडलं. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झाले होते आणि पुण्याच्या एका रिटेल कंपनीत फोरकास्टिंग अ‍ॅनालिस्टची जागा निघाली होती. त्याआधी अकरा ठिकाणी पत्रं पाठवली होती. त्यांत टाइम सिरीज, रिग्रेशन, येणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं आणि 'मला आकड्यांची आवड आहे', एवढंच. एकाचंही उत्तर आलं नाही.

बारावं पत्र वेगळं झालं ते मामामुळे. सांगलीच्या गणपती पेठेत त्याचं किराणा दुकान. तो म्हणाला, "एवढं शिकलीस, तर दिवाळीला मैदा किती भरू ते सांग." मग दोन वर्षांची बिलबुकं घेऊन बसले. 2017 ला लक्ष्मीपूजन 19 ऑक्टोबरला होतं, 2018 ला 7 नोव्हेंबरला. म्हणजे 19 दिवस पुढे. मामा 'गेल्या वर्षी याच तारखांना किती गेला' ते बघून माल भरायचा.

पत्रातला मधला परिच्छेद असा होता (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते):

"2017 मध्ये लक्ष्मीपूजनाआधीच्या चार आठवड्यांत मैदा 40, 55, 90 आणि 140 किलो विकला गेला. 2018 मध्ये त्याच चार आठवड्यांत 44, 60, 95 आणि 150. तारखेला तारीख लावून अंदाज केला असता तर 2018 साठी 140, 30, 25, 25 आले असते, म्हणजे आठवड्याला सरासरी 80 किलोंची चूक. लक्ष्मीपूजनापासून मागे आठवडे मोजून लावले तर चूक 6 किलोंवर येते. मात्र 2017 चे 140 ही विक्री आहे, मागणी नव्हे. धनत्रयोदशीच्या दुपारनंतर मैद्याचं एकही बिल नाही, पण रवा आणि पिठीसाखरेची बिलं रात्रीपर्यंत आहेत. मैदा संपला होता. किती गिऱ्हाईक परत गेलं ते मला माहीत नाही."

आठ दिवसांत फोन आला. मुलाखतीत पाऊण तास फक्त त्या दुपारबद्दल बोललो. ऑगस्ट 2019 च्या पुरात मामाची सगळी बिलबुकं गेली. ते आकडे आता या एका कागदावरच आहेत, म्हणून काल तो हातात धरून बराच वेळ बसले होते. तुमचंही सांगा.

मिरजेची_सून
ताई, वाचून गलबलून आलं गं. आमच्याही कपाटातली मुलांची सर्टिफिकेटं गेली पुरात. घाईत आहे, कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कृष्णाकाठ
मी हवामान खात्यात अर्ज केला होता 1994 साली. पावसाचा अंदाज वर्तवायचं काम असेल असं वाटलं होतं. तेव्हा पत्रात वडिलांचा व्यवसाय आणि उंची पण लिहायची पद्धत होती.

विश्रामबागकर
काका, हा दुकानातल्या खपाचा अंदाज. पण तुमचाही अनुभव हवाच आहे.

पेठेतला_पोऱ्या
पत्रात अचूकता टक्क्यांत लिहायची. किलोबिलो कोण वाचतंय? मी 'मेप 7 टक्के', म्हणजे अंदाजाची सरासरी चूक 7 टक्के, असं लिहिलं होतं, कॉल आला. टक्केवारी कुठल्याही मालाला लागू पडते.

कोथरूडवासी_मूळ_तासगाव
मी गेली बारा वर्षं हेच काम करतो आणि अशी पत्रं वाचतो. टक्केवारी लिहावी हे बरोबर, पण 'कुठल्याही मालाला' हे नाही. मेपमध्ये दर दिवसाची चूक त्या दिवसाच्या विक्रीने भागता. मोठ्या दुकानांत बहुतेक वस्तूंची रोजची विक्री शून्य किंवा एक असते. शून्याने भागणार कसं? ते दिवस गुपचूप गाळले तर आकडा देखणा दिसतो आणि खोटा असतो. त्यापेक्षा सगळ्या चुकांची बेरीज भागिले सगळ्या विक्रीची बेरीज करावी. ताईंच्या उदाहरणात 24 भागिले 349, म्हणजे सुमारे 7 टक्के. तारखेच्या पद्धतीत 321 भागिले 349, म्हणजे 92 टक्के.

मी पत्रात सगळ्यात आधी बघतो ते हेच, की तुलना कशाशी केली आहे. नुसतं 7 टक्के वाचून मला काही कळत नाही. कदाचित साधी गेल्या वर्षीची विक्री उचलूनही 7च येत असेल, मग मॉडेल कशाला? ताईंनी 6 च्या शेजारी 80 ठेवले, तिथे पत्र जिंकलं.

एक शंका मात्र उरते. 140 चे 150 झाले ते खप वाढला म्हणून, की 2018 ला माल संपला नाही म्हणून? एका दुकानाच्या एका दिवाळीवरून ते सांगता येणार नाही.

विश्रामबागकर
दादा, अगदी हाच प्रश्न मुलाखतीत आला होता! मी म्हणाले, सांगता येणार नाही. आधीच्या तीन आठवड्यांत माल संपलेला नव्हता आणि तिथेही वाढ आहे, एवढंच दाखवता आलं.

पेठेतला_पोऱ्या
शून्याचं डोक्यातच आलं नव्हतं. माझा डेटा दुधाचा होता, रोज खपणारा.

हळदीगाव
पण एचआरला यातलं काय कळतं? आधी पत्र तेच चाळतात. माझ्या पुतण्याने असंच दुकानाचं खरं उदाहरण लिहिलं, तर 'जाहिरातीतले शब्द दिसत नाहीत' म्हणून बाजूला पडलं. आणि 'मला माहीत नाही' असं अर्जात लिहायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मला हे पटत नाही.

कोथरूडवासी_मूळ_तासगाव
होतं असं, नाकारत नाही. जाहिरातीतले शब्द बायोडेटात घालावेत आणि पत्र ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्यासाठी लिहावं, असं मी सांगतो. तरी पहिल्याच चाळणीत अडकणारे अडकतातच.

मारुती_रोड
आमचं भांड्यांचं दुकान. 2019 च्या ऑगस्टमध्ये दुकान पाण्यात, वहीत दिवसेंदिवस शून्य. पाणी ओसरल्यावर कुकर, पातेली, बादल्या अशा खपल्या की लग्नसराई मागे पडली. मुलगी स्टॅटला आहे, हाच डेटा अर्जात वापरू म्हणते. वापरावा का?

कोथरूडवासी_मूळ_तासगाव
जरूर वापरा. फक्त ती शून्यं 'दुकान बंद' अशी नोंदवायला सांगा, 'खप नव्हता' अशी नाही. तशीच ठेवली तर पुढच्या ऑगस्टचा अंदाज उगाच खाली येतो. आणि नंतरची उसळी जशीच्या तशी घेतली तर पुढच्या सप्टेंबरला नको तेवढी पातेली भरून बसाल. या दोन्हींचं काय केलं ते तिने पत्रात तीन ओळींत लिहिलं तरी पुरे. पानभर नको.

मिरजेची_सून
आले परत. मैद्यावरून आठवलं, चिरोट्याला यंदा तूप किती घ्यायचं गं किलोला? माझे गेल्या खेपेला तेलात विरघळले.

विश्रामबागकर
वहिनी, आईला विचारून सांगते. मामा आता लक्ष्मीपूजनाच्या तारखेवर लाल खूण करून मागे चार आठवडे मोजतो, आणि माल संपला की वहीत वेळ लिहून ठेवतो. परवाच दाखवली त्याने वही, 'मैदा संपला, दुपारी 2'.

हळदीगाव
ती वही पुतण्याला दाखवाल का? शनिवारी पेठेत येतोच आहे आम्ही.