अनुभव धागा: ड्राय गोबी मंचुरी सॉसमध्ये जाईपर्यंत कुरकुरीत कशी ठेवता?

टिळकवाडी
जुलैत भाच्याचा वाढदिवस घरीच केला. पोरांना गाड्यावरच्यासारखी ड्राय गोबी हवी होती. दोन किलो फ्लॉवरचे तुरे पीठ लावून दुपारी चार वाजता तळून काढले. छान खुटखुटीत झाले होते, बोटाने वाजवले तर आवाज यायचा. पाहुणे साडेसातला येणार म्हणून स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून झाकण लावून ठेवले. साडेसातला झाकण उघडलं तर झाकणाला आतून पाणी, आणि तुरे ओल्या भज्यांसारखे. सॉसमध्ये परतले तशी वरची साल सुटून कढईत लगदा झाला. पोरांनी खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं.
पाककृती नको, ती सगळ्यांकडे आहे. तळल्यापासून सॉसमध्ये टाकेपर्यंतच्या वेळात तुम्ही काय करता, काय बिघडलं, कशाने सुधारलं, ते सविस्तर लिहा.

शहापूर
ताई, तेल कमी तापलं असणार. तेल कडकडीत हवं. धूर निघायच्या बेताला आलं की तुरे सोडायचे, दोन मिनिटांत लाल होतात, लगेच काढायचे. मी कायम असंच करते आणि गरम गरम वाढते. कधी मऊ पडत नाहीत. झाकण मात्र लावू नका, ते तुमचं चुकलंच.

गोवावेस
मी अकरा वर्षं गोबी-नूडल्सचा गाडा चालवला, आता घरगुती ऑर्डरी घेतो. शहापूरच्या अक्कांचं निम्मं बरोबर आहे. कडक तेल लागतंय, पण दुसऱ्या वेळेला. पहिल्यांदाच कडक तेलात टाकलं तर वरून लाल होतं आणि आत फ्लॉवर कच्चा राहतो. फ्लॉवर म्हणजे बहुतेक पाणीच की. ते आतलं पाणी गरम असेपर्यंत वाफ होऊन बाहेर येत राहतं आणि वाटेत पिठाच्या सालीत मुरतं. अक्का लगेच वाढतात म्हणून त्यांना ते दिसत नाही. तोच तुरा वीस मिनिटं ठेवून बघा.

गाड्यावर आम्ही दोनदा तळायचो. पहिलं तळण मध्यम तेलात. पिठाचा थेंब टाकला की तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांनी वर यायला हवा, तेवढंच तापलेलं. त्यात तुरे चार ते पाच मिनिटं. रंग फिका पिवळा राहिला तरी चालतो, लाल करायचाच नाही. यात आतला फ्लॉवर शिजतो. मग झाऱ्याने काढून मोठ्या चाळणीवर एका थरात पसरायचे. कागदावर ढीग घालू नका, खालचे तुरे आपल्याच वाफेने भिजतात. झाकायचं तर नाहीच.

पसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ पडणार. नवीन माणूस इथेच घाबरतो. ते मऊ पडायलाच हवेत, कारण आतलं पाणी सालीपर्यंत आलेलं असतं. आता गिऱ्हाईक आलं की तेल चांगलं कडक करायचं, थेंब टाकताक्षणी वर उडायला हवा, आणि तुरे दीड-दोन मिनिटं दुसऱ्यांदा तळायचे. सालीत आलेलं पाणी यात उडून जातं आणि साल कडक होते. पहिल्या तळणातून काढून लगेच दुसऱ्यात टाकलं तर फायदा नाही, पाणी अजून आतच असतंय.

कान उघडे ठेवा. तुरे टाकल्यावर तेल जोरात चरचरतं, बुडबुडे मोठे येतात. बुडबुडे बारीक झाले आणि आवाज खाली बसला की पाणी संपत आलं. मी घड्याळापेक्षा त्या आवाजावर काढतो. आणि एका घाण्याला कढईचा अर्धा भागच भरायचा. जास्त टाकले तर तेल थंड पडतं, आणि थंड तेलात साल तेल पिते.

ताई, तुमच्या बेतात चार वाजता पहिलं तळण करून चाळणीवर पंख्याखाली उघडं ठेवलं असतं आणि साडेसातला दुसरं तळण करून तसंच सॉसमध्ये टाकलं असतं, तर काही झालं नसतं.

निपाणी
आमच्याकडे कोबी किसून त्याला मीठ लावतात, अर्धा तास ठेवून हाताने घट्ट पिळतात. पाणी फार सुटतं. तेच पाणी पीठ भिजवायला वापरतात आणि गोळे करून तळतात. पाणी नीट पिळलं नाही तर गोळे तेलात फुटतात. माझ्या सासूबाईंचा हात यात अगदी बसलेला आहे. तुमचे गोळे मऊ पडले ते पिळायचं राहिल्यामुळे असेल.

टिळकवाडी
निपाणीच्या ताई, माझी गोबी म्हणजे फ्लॉवर, कोबीचे गोळे नाहीत. आपल्याकडे दोन्हीला एकच नाव पडतं म्हणून घोळ झाला. पण मिठाचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या कामाचं निघालं. मी तुऱ्यांना आधी मीठ चोळून ठेवलं होतं, चव आत जावी म्हणून. खाली पाणी साचलं होतं आणि मी तसेच पिठात घातले.

गोवावेस
मग पीठ तिथेच पातळ झालं. मीठ पिठात घाला, आणि पीठ तळायच्या वेळेलाच भिजवा.

खानापूर
मला फ्लॉवर आधी उकळत्या पाण्यात घालायची पद्धत पटत नाही. सगळे सांगतात की मीठ-हळदीच्या गरम पाण्यात ठेवा. अळीसाठी ठीक आहे, पण इथे पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की एकदा भिजलेला तुरा सुकतच नाही. मी तुरे बारीक तोडते, उजेडात एकेक बघते, थंड पाण्याने धुऊन दोन तास सुती कापडावर पसरते. मग पीठ लावायच्या आधी कोरडं कॉर्नफ्लोर चमचाभर भुरभुरते. पीठ घसरत नाही. कच्चा फ्लॉवर पहिल्या तळणात सहा-सात मिनिटं घेतो, एवढंच.

गोवावेस
कोरडं कॉर्नफ्लोर भुरभुरायचं हे उत्तम. पण गरम पाण्याचं मी सोडणार नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात एक मिनिट, आणि गरम असतानाच निथळून ताटात पसरायचं. गरम तुरा आपल्या वाफेनेच कोरडा होतो. लोक वरून थंड पाणी ओततात आणि मग सुकत नाही म्हणतात. ओलसर राहतो तो त्या थंड पाण्याने.

अनगोळ
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तेव्हापासून मी घरी पिठात ब्याडगी मिरचीची पूड घालते. रंग सुंदर येतो, तिखटपणा कमी. पण पूड जास्त झाली की दुसऱ्या तळणात साल काळपट होते आणि कडू लागते. आता पिठात अर्धा चमचाच घालते, बाकीची ब्याडगी भिजवून वाटून सॉसमध्ये. सॉसमध्ये ती जळत नाही. आलं-लसणाची पेस्टही मी पिठातून काढली, तीसुद्धा करपायची.

टिळकवाडी
रविवारी पुन्हा केलं. पाव-पाव किलोचे तीन भाग, पीठ एकच: अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी कॉर्नफ्लोर, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, ब्याडगी, मिरपूड. पाणी थोडं थोडं घातलं. चमच्याच्या पाठीला लागलेल्या पिठात बोटाने रेघ ओढली की ती तशीच राहिली, तिथे थांबले.

पहिला भाग मध्यम तेलात एकदाच, लाल होईपर्यंत तळला आणि झाकून ठेवला. दुसरा तसाच तळला, पण चाळणीवर उघडा ठेवला. तिसरा गोवावेसच्या मामांच्या पद्धतीने, फिका काढून उघडा ठेवला. तिन्ही दोन तास तसेच. पहिला भाग जुलैतल्यासारखाच लिबलिबीत. दुसरा बरा, पण चावल्यावर रबरासारखा ताणायचा. तिसरा त्या वेळी तिन्हीत सगळ्यात मऊ होता, हातात दाबला जायचा. माझा विश्वास डळमळला. मग कडक तेलात दीड मिनिट तळला आणि ताटात टाकला तेव्हा खणखणीत वाजला. तो आवाज ऐकून मी नवऱ्याला हाक मारली.

पण सॉसमध्ये टाकल्यावर पाच मिनिटांत पुन्हा नरम पडायला लागला. म्हणजे गोष्ट अर्धीच सुटली. मामा, सॉसचं काय करता?

गोवावेस
किती पाणी घातलंत?

टिळकवाडी
अर्धी वाटी. आणि ढोबळी मिरची, कांदा भरपूर.

गोवावेस
हे पातळ गोबीचं प्रमाण झालं. ड्रायला अर्धा किलो तुऱ्यांमागे एक चमचा कॉर्नफ्लोर तीन मोठे चमचे पाण्यात, बस. आधी कढई चांगली तापवा, तेलात लसूण, आलं, हिरवी मिरची, मग कांदा-ढोबळी मिरची मोठ्या आचेवर मिनिटभरच. मंद आचेवर ठेवलं की भाजी पाणी सोडते आणि ते पाणी तुरे पितात. मग सोया सॉस, चिली सॉस, टोमॅटो सॉस, आणि कॉर्नफ्लोरचं पाणी. उलथनं कढईच्या तळावरून ओढलं की मागे क्षणभर तळ दिसायला हवा. सॉस इतका आटला की मगच तुरे. आच मोठी, तीस-चाळीस सेकंद वर-खाली, आणि गॅस बंद. व्हिनेगर शेवटी दोन थेंब.
सॉस तुऱ्याला चिकटून राहिला पाहिजे, कढईत साचता कामा नये. आणि तुरे दुसऱ्या तळणातून थेट सॉसमध्ये. तेलातून काढायच्या आधी सॉस तयार असला पाहिजे, उलटं नाही.

चिकोडी
आमचा मुलगा हॉस्टेलला असतो, त्याला डब्यात द्यायची असते. दोन तास प्रवास. मामांच्या पद्धतीने केली तरी डब्यात मऊच होते. काही उपाय?

गोवावेस
खरं सांगायचं तर दोन तास कुरकुरीत राहणारी सॉस लावलेली गोबी मी आजवर बनवलेली नाही. पार्सलला आम्ही कागदी पिशवीला भोकं पाडून द्यायचो, पंधरा-वीस मिनिटं टिकायची. तुम्ही तुरे दोनदा तळून, पूर्ण थंड करून उघड्या कागदात द्या आणि सॉस बाटलीत वेगळा.

चिकोडी
हॉस्टेलात गरम करायची सोय नाही.

शहापूर
मी मामांचं ऐकून वीस मिनिटं ठेवून बघितलं. माझे तुरेही मऊ पडले, आणि एक मधून तोडला तर देठ कच्चा होता. इतकी वर्षं गरम खाल्ल्यामुळे लक्षात आलं नव्हतं. आता दोनदा तळते. पण गरम पाण्यातून काढायचे की कच्चेच घ्यायचे, ते अजून ठरवता येत नाही. मला दोन्ही सारखेच लागले.

खानापूर
आता पावसाळा आहे. थंडीत घट्ट, पांढरा फ्लॉवर येईल तेव्हा एकाच गड्ड्याचे दोन भाग करून बघते, एक मामांसारखा, एक माझ्यासारखा. मामा, उकळत्या पाण्यात टाकायच्या आधी तुरे किती मोठे तोडता, तेवढं सांगून ठेवा.

गोवावेस
दोन घासांत संपेल एवढे. देठ करंगळीपेक्षा जाड असेल तर उभा चिरून घ्या.