मदत हवी आहे: फोटोवरून गळा आणि बाही ओळखायची कशी?

निळी_रीळ: क्लास संपवून आता घरी शिवण घेते. परवा एका ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला, मनगटाला कफ आणि कफाच्या वर फुगलेली बाही. मी बलून समजून कापली. शिवल्यावर खांद्यावरही फुगा आला, फोटोत तर खांदा सपाट! त्यांना बिशप हवी होती. कापड वाया गेलं, फार वाईट वाटलं. लोक बोट, काऊल, रॅगलान अशी नावं घेऊन येतात. फोटोत आधी बघायचं कुठे?

रंगपेटी: बिशप आणि बलून एकच गं. दुकानागणिक नाव बदलतं.

मुंडा_मास्तर: दुकानात सरमिसळ होते खरी, पण कटिंग वेगळं. आधी मुंड्याची शिलाई बघ. तिथे चुण्या नसतील आणि घेर कोपराखाली वाढून कफात गोळा झाला असेल, तर बिशप. वर-खाली दोन्हीकडे चुण्या असतील, तर बलून. बिशपसाठी साध्या बाहीचा कागद खालून वर चार ठिकाणी काप, पण वरच्या कडेला जोडलेलाच ठेव आणि फक्त खालून उघड. आठ इंची कफाला सोळा इंच घेर पुरतो. लांबी दीड-दोन इंच जास्त धर, नाहीतर कापड कफावर झुकत नाही.

रंगपेटी: अच्छा, मग रॅगलान म्हणजे दोन रंगांचा टी-शर्ट, एवढं तरी बरोबर ना?

मुंडा_मास्तर: रंगाचा संबंध नाही. काखेतून थेट गळ्यापर्यंत तिरकी शिलाई गेली की रॅगलान. बाही रंगीत असली की ती रेघ उठून दिसते, एवढंच. हे नाव लॉर्ड रॅगलान यांच्यावरून आलं. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला होता.

चिंचपेटी: माझा बोटनेक ब्लाउज खांद्यावरून सारखा घसरतो. काय करू?

मुंडा_मास्तर: ताई, पाठीचा गळा खोल आहे का? बोटनेक गळ्याच्या हाडाला धरून खांद्यापासून खांद्यापर्यंत जातो. पाठही खोल घेतली तर खांदा धरायला काही उरत नाही. मागे नाडी लावून बघा.

निळी_रीळ: मास्तर, काऊलचं पण सांगा ना. मी कॉटनवर करून पाहिला, घड्या ताठ उभ्या राहिल्या.

मुंडा_मास्तर: कापड उरेब घेतलं होतंस का? काऊलच्या झोळ्या उरेब कापडातच अलगद पडतात, आणि क्रेप किंवा जॉर्जेट हवं. जाड कॉटनचा नाद सोड.

निळी_रीळ: सरळ धाग्यावरच कापलं होतं! आणखी एक फोटो आलाय, काळं जॉर्जेट. काखेत कापड सैल लोंबतंय आणि शिलाई कुठेच दिसत नाही. रॅगलान असेल का?

चिंचपेटी: मला तर अंगासकट कापलेली बाही वाटते.

मुंडा_मास्तर: दोन्ही असू शकतं. काळ्यावर रेघ दिसत नाही. ताईंकडे हात वर केलेला फोटो आहे का विचार, तोवर कात्री लावू नकोस.