मदत हवी आहे: ईआरपीत बारचा साठा दिसतो, रॅकवर नसतो

टर्निंगवाला:
नमस्कार मंडळी. चाकणला आमचं शाफ्ट मशिनिंगचं युनिट आहे. खरेदी, स्टोअर, बिलिंग सगळं ईआरपीत. यंदा मशीनशॉपला एमईएस बसवलं. ऑपरेटर मशीनजवळच्या स्क्रीनवर ओके आणि रिजेक्ट नग टाकतो. संध्याकाळी सुपरवायझर ओके नगांचा आकडा हाताने ईआरपीत भरतो.

मागची ऑर्डर सांगतो. ५०० नगांची, नगाला कापलेला बार १.२ किलो. टर्निंगला १८ रिजेक्ट, ग्राइंडिंगला १२, ओके ४७०. बार गेला ६०० किलो, पण ईआरपीने ५६४ किलोच वजा केला. ३६ किलो कागदावरच राहिला. असं साचत गेलं, ईआरपीने खरेदीची मागणी काढली नाही आणि परवा लेथ बारविना उभी राहिली.

आता सल्लागार म्हणतो एससीएम घ्या, सेल्सवाले म्हणतात सीआरएम घ्या. कुणाचं काम कुठे संपतं, नीट समजावाल का?

भोसरीकर:
एमईएस काढून टाका. मशीन किती चाललं ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवायला ठीक आहे, बाकी सगळं ईआरपीच्या प्रॉडक्शन मॉड्यूलमध्ये होतं. आमच्या आठ मशीनना तेवढं पुरतं.

मंजिरी:
भोसरीकर, आठ मशीन आणि मोजके पार्ट असतील तर तुमचं बरोबर आहे. पण यांचा दोष एमईएसचा नाही. तफावत आधीही असणार, मोजणारं कुणी नव्हतं.

टर्निंगवाला, तुमचं ईआरपी बार वजा करतं ते सुपरवायझरने भरलेल्या नगांवरून. ४७० गुणिले १.२ म्हणजे ५६४. गणित चोख आहे, ३० नगांचं रिजेक्शन त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याच नोंदीत स्क्रॅपचा रकाना असेल, तिथे ३० भरले की ६०० वजा होतात का, एका ऑर्डरवर तपासा. मात्र त्याच ३० नगांसाठी स्टोअरने वेगळी इश्यू स्लिप केली तर बार दोनदा वजा होईल.

ओळखायची खूण सांगते. महिन्याच्या मोजणीत रॅकवर दर वेळी कमीच भरत असेल, तर नोंदीची पद्धत चुकतेय. कधी कमी, कधी जास्त असेल, तर मोजणारे चुकतायत.

वाटणी करताना एकच विचारा: ही नोंद पहिल्यांदा कुठे होते? नग किती झाले, कुठल्या हीटच्या बारमधून, कुठल्या मशीनवर, हे एमईएसमध्ये. साठ्याची किंमत, खरेदी, बिल ईआरपीत. ग्राहकाशी झालेलं बोलणं, कोटेशन, तक्रार सीआरएममध्ये. एकाच्या नोंदीचा आकडा दुसऱ्याने वाचावा, पुन्हा टाइप करू नये.

खरी ओढाताण प्लॅनिंगमध्ये होते, कारण ते ईआरपी, एमईएस आणि एससीएम तिघांनाही येतं. ईआरपी म्हणतं, या आठवड्यात ५०० शाफ्ट हवेत. ते लेथ ३ वर उद्या पहिल्या शिफ्टला लावायचे की नाही, हे एमईएस ठरवतं, कारण लेथ बंद आहे हे त्यालाच ठाऊक. एससीएमची गरज दोन-तीन प्लांट आणि बाहेरचे हीट ट्रीटमेंटवाले यांचा मेळ घालायचा असेल तेव्हा. एका युनिटला मी आत्ता घेणार नाही.

पंपवाला_कोल्हापूर:
आम्ही सीआरएम घेतलं, छान आहे. एक अडचण मात्र आली. ग्राहकाने पंपाच्या शाफ्टची तक्रार दिली, सीआरएममध्ये नोंद झाली, पण तो शाफ्ट कुठल्या हीटचा ते शोधायला जुनी जॉब कार्डं उपसावी लागली. तुमच्याकडे कुठलं सीआरएम बघताय?

मंजिरी:
दादा, त्यांनी सीआरएमची निवड विचारलेली नाही, पण मुद्दा मोलाचा आहे. तक्रार सीआरएममध्ये, डिस्पॅच ईआरपीत, हीट नंबर एमईएसमध्ये. तिन्हीकडे एकच लॉट नंबर चालला तरच माग लागतो. तो नंबर चलनावर छापा.

टर्निंगवाला:
धन्यवाद ताई. स्क्रॅपचा रकाना आहे, आजवर रिकामाच सोडत होतो. आजच्या ऑर्डरवर भरून पाहिलं, वजावट बरोबर आली. आता रिवर्कचं सांगा. ग्राइंडिंगला जास्त साइजचे नग परत लागतात. ते ओके धरायचे की स्क्रॅप?

मंजिरी:
दोन्ही नाही. बार आधीच वापरलेला असतो, म्हणून पुन्हा वजा होता कामा नये. मी ते एमईएसमध्ये होल्डवर ठेवते आणि निकाल लागल्यावरच ईआरपीला कळवते.

भोसरीकर:
हे पटत नाही. होल्डवरचे नग ईआरपीला दिसलेच नाहीत तर महिनाअखेरीला अकाउंट्सने चालू कामाची किंमत कशी लावायची? आम्ही ईआरपीतच रिवर्कची वेगळी ऑर्डर काढतो.

मंजिरी:
महिनाअखेरीचा प्रश्न खरा आहे, त्या दिवशी होल्डची यादी मी हाताने देते. पण दोन-चार नगांसाठी वेगळी ऑर्डर काढली तर सुपरवायझर ती बंद करायला विसरतात, उघड्या ऑर्डरी साचतात.

टर्निंगवाला:
आमच्याकडे रिवर्क बहुतेक त्याच शिफ्टला निघतं, त्यामुळे होल्डची पद्धत लावून बघतो. महिनाअखेरीला रॅक मोजून आकडे इथे टाकतो. कुणी एमईएसचा स्क्रॅप आकडा थेट ईआरपीत जोडला असेल तर सांगा, दर शिफ्टला पाठवता की प्रत्येक नगाला?