टीव्ही सापडत नाही: गुहागरहून, शनिवारच्या आधी मदत हवी

प्रेषक: सुमेधा (सध्या गुहागर)

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवसांसाठी आई-बाबांकडे आले आहे. शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात माझी लेक गाणार आहे. तुमच्याकडे सकाळचे दहा, इथे संध्याकाळचे साडेसात. बाबांना फोनवरचं बारीक चित्र आता दिसत नाही, म्हणून नातीचं गाणं मोठ्या टीव्हीवर दाखवायचं आहे. प्रक्षेपणाचं पान टीव्हीत उघडत नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं. तेव्हा फोनचा पडदाच टीव्हीवर घ्यायचा असं ठरवलं.

फोन अँड्रॉइड, टीव्हीही अँड्रॉइडवाला. कास्टवर दाबलं की गोल फिरत राहतं आणि शेवटी "No devices found". दोन्हीकडे वायफायचं नाव एकच आहे, अक्षर न् अक्षर तपासलं. दोन्ही बंद-चालू करून झाले. चमत्कारिक गोष्ट ही, की परवा माजघरात टीव्हीसमोर बसून वायफाय बंद-चालू केलं तर टीव्हीचं नाव आलं. ओटीवर बाबांच्या आरामखुर्चीपाशी जाऊन आले आणि परत बघते तर गायब.

प्रेषक: प्रकाश

सुमेधा, अगदी सोपं आहे. राउटर दोन लहरींवर चालतो, 2.4 आणि 5. फोन 5 वर आणि टीव्ही 2.4 वर असेल तर ते एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. दोन्ही 2.4 वर आण. मोबाइल डेटाही बंद ठेव. आमच्याकडे असंच केलं आणि लगेच चाललं.

प्रेषक: अंजली

सुमेधाताई, आमचंही हेच दुखणं! पडदा टीव्हीवर जातो, आवाज येतो, पण सिनेमा लावला की चित्र काळं ठिक्कर. नवीन केबल आणली तरी तेच. तुम्हाला उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

प्रेषक: समीर

अंजली, तुझा टीव्ही सापडतोय, त्यामुळे तुझा प्रश्न निराळा. पैसे भरून बघायची बरीच अ‍ॅप आपलं चित्र पडद्याच्या नकलेत जाऊच देत नाहीत. केबलचा दोष नाही. त्या अ‍ॅपचं स्वतःचं कास्टचं बटण असेल तर ते वापर, नाहीतर टीव्हीतलंच अ‍ॅप उघड.

प्रकाशकाका, फोन आणि टीव्ही दोन वेगळ्या ठिकाणी अडकले आहेत ही तुमची शंका मला बरोबर वाटते. पण एकाच राउटरच्या 2.4 आणि 5 या बहुतेक घरांत एकाच नेटवर्कच्या दोन वाटा असतात. 5 वरचा फोन 2.4 वरच्या टीव्हीला बघतो. तुमच्याकडे वायफाय बदलताना फोन नव्याने जोडला गेला, कदाचित त्यानेच काम झालं असेल.

सुमेधाताई, तुमच्या पत्रातली माजघर आणि ओटीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन गोष्टी कळवा. घरात राउटर एक आहे की दोन? आणि ओटीवर असताना फोनचा आयपी आकडा काय, टीव्हीचा काय? फोनमध्ये वायफायच्या नावाशेजारच्या चक्रावर दाबलं की खाली दिसेल. टीव्हीत सेटिंगमध्ये नेटवर्क उघडून जोडलेल्या नावावर जा.

प्रेषक: सुमेधा

राउटर दोन. फायबरचा पांढरा डबा ओटीवर, मीटरच्या बाजूला. घर जुनं, चिऱ्याच्या दीड हाती भिंती. माजघरात वायफाय पोचत नव्हतं म्हणून गेल्या वर्षी केबलवाल्या मुलाने आत दुसरा काळा डबा बसवला आणि बाबांचा घोळ होऊ नये म्हणून दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला.

फोन ओटीवर: 192.168.1.14
टीव्ही: 192.168.0.103

माजघरात वायफाय बंद-चालू केल्यावर फोन: 192.168.0.105

प्रेषक: समीर

मिळालं. तिसरा आकडा बघा. ओटीवर फोन 1 मध्ये आहे, टीव्ही 0 मध्ये. नाव एक असलं तरी ही दोन नेटवर्क आहेत. वायफायचं नाव ही दारावरची पाटी, आणि तुमच्याकडे एकच पाटी दोन घरांवर लावलेली आहे.

टीव्ही शोधताना फोन घरभर एक हाक मारतो: कास्ट घेणारं कोणी आहे का? ही हाक 224.0.0.251 या ठरलेल्या पत्त्यावर, 5353 या पोर्टवर जाते. ती आपल्या नेटवर्कच्या कुंपणाबाहेर जाऊ नये असाच नियम आहे, त्यामुळे राउटर ती पलीकडे नेत नाही. केबलवाल्याने ओटीवरची तार काळ्या डब्याच्या WAN भोकात घातली असणार. तसं केलं की काळा डबा स्वतःला राउटर समजतो, आत आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि टीव्ही त्या कुंपणाआड जातो. इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं, म्हणून वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही.

माजघरात मधूनच का दिसला, तेही आता उघड आहे. फोन एकदा धरलेला डबा सहजी सोडत नाही. ओटीवरून आत आलात तरी तो पांढऱ्यालाच चिकटून राहतो. वायफाय बंद-चालू केल्यावर जवळचा काळा धरतो, आणि मग टीव्ही दिसतो.

आणखी एक फसवी गोष्ट सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवला आहे. समजा टीव्ही पांढऱ्या डब्यावर असता आणि फोन काळ्यावर, तर टीव्हीला पिंग केल्यावर उत्तर आलं असतं. आतून बाहेर जायची वाट उघडी असते. तरीही कास्टमध्ये नाव आलं नसतं, कारण हाक जात नाही. पिंग लागतो म्हणजे नेटवर्क एकच, असं धरू नका. आकडे बघा.

प्रेषक: सुमेधा

तार WAN मध्येच आहे, निळ्या भोकात. आता काय करू? बाबांचं नेट बंद पडलं तर केबलवाला चार दिवस फिरकत नाही, म्हणून जपून.

प्रेषक: समीर

आधी काळ्या डब्याच्या सेटिंगमध्ये "Access Point Mode" आहे का बघा. असेल तर तेवढं निवडलं की संपलं.

नसेल तर हाताने, आणि याच क्रमाने. सध्याच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. निळ्या भोकातली तार काढा आणि लॅपटॉप काळ्या डब्याच्या एखाद्या LAN भोकाला तारेने जोडा. मग डब्याचा स्वतःचा पत्ता 192.168.0.1 वरून पांढऱ्याच्या रांगेत आणा. त्याआधी पांढरा कुठपासून कुठपर्यंत आकडे वाटतो ते त्याच्या पानावर बघा. 2 ते 200 वाटत असेल तर काळ्याला 192.168.1.250 द्या, म्हणजे कोणाशी टक्कर नको. पत्ता बदलला की डबा पुन्हा चालू होईल आणि त्याचं पान नव्या पत्त्यावर उघडेल. तिथे "DHCP Server" बंद करून सेव्ह करा. आकडे वाटायचं काम घरात एकानेच करायचं, ते पांढरा करेल. शेवटी ओटीवरून आलेली तार निळ्याऐवजी LAN भोकात घाला.

डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला आकडा मिळणार नाही आणि डब्याचं पान उघडायला खटपट पडेल. म्हणून पत्ता आधी. काही बिघडलंच तर मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, डबा कोरा होईल आणि फोटो बघून जुनी मांडणी परत करता येईल.

प्रेषक: विनय

समीर, याला जोडूनच. माझ्या भावाचा तारकर्लीला होमस्टे आहे. पाहुणे तक्रार करतात की खोलीतला टीव्ही फोनला दिसत नाही. तिथे राउटर एकच, आकडेही एकाच रांगेतले. मग?

प्रेषक: समीर

विनय, पाहुण्यांना गेस्ट वायफाय दिलंय ना? त्यात जोडलेल्या वस्तूंना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय बहुधा चालू असते. राउटरमध्ये ती "AP Isolation" किंवा "Client Isolation" नावाने सापडेल. तिथे पिंगलाही उत्तर येत नाही, त्यावरून ओळख पटते. ती बंद केली तर टीव्ही दिसेल, पण एका खोलीतल्या पाहुण्याला सगळ्या खोल्यांचे टीव्ही दिसतील आणि अनोळखी लोकांचे फोन-लॅपटॉप एकमेकांना उघडे पडतील. मी ती बंद करणार नाही. प्रत्येक खोलीत एक एचडीएमआय केबल ठेवायला सांग. ज्यांचे फोन मिराकास्टवाले आहेत त्यांचं तसंही भागेल, कारण त्यात फोन आणि टीव्ही थेट आपसांत जोडतात, राउटर मध्ये येतच नाही. पण आयफोनमध्ये मिराकास्ट नाही आणि सगळ्या अँड्रॉइडमध्येही नाही.

प्रेषक: प्रकाश

समीर, आमच्या टीव्हीला मात्र 5 ची लहर पकडताच येत नाही आणि 5 चं नाव वेगळं ठेवलंय. फोन 5 वर नेला की टीव्ही जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रेषक: समीर

काका, तुम्ही बघितलंत ते खरंच असणार. काही राउटर दोन लहरींमध्ये ही हाक नीट पुढे देत नाहीत. दोन्हीकडचे आयपी आकडे पाठवा. तिसरा आकडा एकच असेल तर राउटरचाच दोष धरू.

प्रेषक: सुमेधा

झालं! दुपारी लाइट गेली होती, चार वाजता आली, तेव्हा करायला बसले. "Access Point Mode" आमच्या डब्यात नाही. पांढरा 2 ते 200 वाटतो, म्हणून काळ्याला 250 दिला. तार LAN मध्ये घातली तरी टीव्ही जुनाच 0 चा आकडा धरून बसला होता आणि त्याला इंटरनेटही मिळेना. मी घाबरले. वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडला, तर 192.168.1.22 आला. मग ओटीवर बाबांच्या खुर्चीशेजारी उभी राहून कास्ट दाबलं आणि तीन सेकंदांत टीव्हीचं नाव आलं. आईने आतून ओरडून सांगितलं, "आलं गो, तुझा फोन दिसतोय."

दोन गोष्टी उरल्या आहेत. भावाच्या आयफोनवर अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्हच येत नाही. आणि माझ्या फोनवर तासाभराने टीव्हीचं नाव जातं. टीव्हीचं वायफाय बंद-चालू केलं की परत येतं.

प्रेषक: समीर

भावाच्या फोनवर Settings, मग Privacy & Security, मग Local Network. तिथे त्या अ‍ॅपसमोरचं बटण बंद असेल. पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाही म्हटलं की अ‍ॅपला हाक मारताच येत नाही.

तासाभराने नाव जाणं जास्त किचकट आहे. माझा संशय काळ्या डब्यातल्या "IGMP Snooping" वर आहे. अशा हाका कोणाला ऐकायच्या आहेत याची तो यादी ठेवतो आणि काही डबे टीव्हीला यादीतून उगाच गाळतात. ते बंद करून दोन तास बघा. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करा आणि टीव्हीची वीज वाचवण्याची सेटिंग तपासा, वायफाय झोपी जात असेल.

प्रेषक: सुमेधा

भावाचं बटण बंदच होतं, आता चिन्ह येतं. स्नूपिंगचं नाव आमच्या काळ्या डब्याच्या पानावर कुठेच सापडलं नाही. वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली, तरी आज एकदा नाव गेलंच. शनिवारी सव्वासातला टीव्हीचं वायफाय बंद-चालू करून लगेच जोडून ठेवते, कारण एकदा जोडलं की मध्येच तुटत नाही, हे दोनदा पाहिलं. बाबांनी खुर्ची ओटीवरून माजघरात आणायला सांगितली आहे.